स्टेशनजवळचा गाळा की डेअरीशेजारचा?

डोंबिवली पूर्वेला पोळी-भाजी केंद्र काढायचं आहे. चार वर्षं घरून डबे देते, सध्या रोज साठ जातात. दोन गाळे बघितलेत. पहिला स्टेशनपासून दोन मिनिटांवर, मेन रोडला, भाडं 52 हजार. दुसरा आत, चालत दहा मिनिटं, डेअरीला लागून, भाडं 26 हजार. माझे बहुतेक डबे त्याच भागातल्या घरांत जातात. शनिवारी संध्याकाळी पहिल्या गाळ्यासमोर पंधरा मिनिटांत हजारावर माणसं गेली, दुसऱ्यासमोरून शंभरही नाहीत. घरातले म्हणतात, भाडं दुप्पट पण गर्दी दहापट, स्टेशनचाच घे. बिल सरासरी 120 रुपयांचं धरते, सामान, गॅस, पॅकिंग जाऊन त्यातले साठ सुटतात. ठरवायचं कसं?

ताई, मी डोंबिवलीतच राहतो आणि दुकानांच्या जागा बघून देणं हेच माझं काम आहे. तुम्ही खाणाखुणा नीट कळवल्या होत्या, म्हणून मंगळवारी संध्याकाळी सात ते आठ तुमच्या पहिल्या गाळ्यासमोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो आणि बुधवारी त्याच वेळेला दुसऱ्या गाळ्यापाशी. एकेका तासाने जागेचा निकाल लागत नाही, पण तुमचा शनिवारचा आकडा कुठे फसवतोय ते दाखवायला तेवढं पुरेसं आहे. आत्ता हातात असलेल्या माहितीवर मी दुसरा गाळा घेईन, आणि तोही 26 हजारांना नाही.

हिशेबाला सुरुवात रस्त्यावरून नको, तुमच्या वहीतून करू. महिन्याला भाडं सोडून काय लागेल? पोळ्या लाटायला दोन बायका आणि काउंटरवर एक मिळून चाळीस हजार, लाइटबिल चार, पाणी-साफसफाई-किरकोळ मिळून आणखी चार. झाले 48 हजार. तुमच्या स्वतःच्या घरी न्यायला तीस हजार धरा. लोक हा आकडा धरायचा विसरतात आणि मग दोन वर्षं फुकट राबतात. पहिल्या गाळ्याला भाड्यासकट 1 लाख 30 हजार झाले, दुसऱ्याला 1 लाख 4 हजार. आठवड्याची सुट्टी धरून महिन्याचे 26 दिवस. म्हणजे पहिल्या गाळ्यात रोज पाच हजार सुटले पाहिजेत आणि दुसऱ्यात चार हजार. बिलामागे साठ रुपये, तेव्हा पहिल्या जागी रोज 84 बिलं आणि दुसऱ्या जागी 67.

इथे तुमच्या घरच्यांचंच बरोबर आहे असं वाटेल. भाडं दुप्पट, पण फरक फक्त सतरा बिलांचा, आणि समोरून जाणारी गर्दी दहापट. मोजणी नीट केली की हे चित्र बदलतं.

तुम्ही मोजलीत ती रस्त्यावरची सगळी माणसं. मीही आधी सगळीच मोजली. मंगळवारी तासाभरात 2,640 निघाली. त्यातली तुमच्या गाळ्याच्या बाजूच्या फूटपाथवरून गेली ती फक्त 1,180. पादचारी पुलाचा जिना समोरच्या बाजूला उतरतो आणि शेअर रिक्षाची रांगही तिकडेच लागते. अर्ध्याहून जास्त लोंढा समोरून सरळ रांगेकडे जातो. मधे रिक्षा, बाइक, हातगाड्या. त्या वेळी रस्ता ओलांडून पोळ्या घ्यायला कोणी येत नाही. मी बघत होतो, तासाभरात तुमच्या गाळ्याच्या पट्ट्यात मुद्दाम ओलांडून आलेली माणसं अकरा. म्हणून मोठ्या रस्त्यावर दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायच्या आणि हिशेबात फक्त आपलीच बाजू धरायची. समोरची बाजू म्हणजे जवळजवळ दुसरं गाव समजा.

हे मला फार महाग पडून समजलंय. 2006 साली मी एका शाळेच्या समोर स्टेशनरीचं दुकान टाकलं होतं. शाळा सुटताना चार-पाचशे पालक फाटकाशी उभे असायचे, ते मोजूनच जागा घेतली. रस्त्याला मधे दुभाजक होता आणि तो ओलांडायला जागा बरीच पुढे होती. पालक स्कूटर वळवून माझ्याकडे येतील, हे मी घरी बसून ठरवलं होतं. चौदा महिन्यांत शटर ओढलं.

आता त्या 1,180 मधली दिशा बघा. घरच्या वाटेने जाणारी 940, स्टेशनकडे जाणारी 240. स्टेशनकडे धावणारा माणूस तुमचं गिऱ्हाईक नाही, तो गाडीच्या घाईत असतो. संध्याकाळच्या जेवणाचा विचार घरी परतणाऱ्याच्या डोक्यात असतो. सकाळी मोजलंत तर हेच उलटं दिसेल: गर्दी तेवढीच, पण सगळी पाठमोरी. चहा-नाश्त्याच्या धंद्याला सकाळची दिशा चालते, तुमच्या धंद्याला संध्याकाळचीच बघायची.

स्टेशनजवळ मोजताना आणखी एक खोड आहे. गर्दी सारखी वाहत नाही, लोकलबरोबर येते. फास्ट गाडी येऊन गेली की चार-पाच मिनिटं पाय ठेवायला जागा नसते, मग रस्ता मोकळा, मग पुढची गाडी. तुमची पंधरा मिनिटं दोन गाड्यांच्या लोंढ्यावर पडली असतील तर आकडा फुगतो, मधल्या पोकळीत पडली तर आक्रसतो. इतर रस्त्यांवर दर तासातली पंधरा मिनिटं मोजून चौपट करायची पद्धत चालते, इथे चालत नाही. इथे सलग तास मोजावा लागतो, निदान अर्धा तास. गर्दीत बोटं चालत नसतील तर मोबाइल कशाला तरी टेकवून दहा-दहा मिनिटांचं चित्रण करा आणि घरी थांबवत-थांबवत मोजा. मी देवळाच्या रांगेत वापरतात तसला खटक्याचा काउंटर वापरतो, एका हातात आपली बाजू, दुसऱ्या हातात समोरची.

तुमचा दिवसही अडचणीचा होता. शनिवारी संध्याकाळी खरेदीला निघालेल्या कुटुंबांची भर असते आणि ती कुटुंबं जेवायलाही बाहेरच असतात. पोळी-भाजीचा खरा दिवस म्हणजे मंगळवार-बुधवार, दोघं कामावरून दमून आलेली असतात तेव्हा. एक आठवड्याच्या मधला दिवस, एक शुक्रवार, एक शनिवार, एक रविवार, आणि महिनाअखेरचा एक दिवस असे पाच दिवस मोजा. फडके रोडच्या बाजूला संकष्टीला गणेश मंदिराकडे जाणारी गर्दी असते, ती धरू नका, आणि संकष्टीला तर निम्म्या घरात उपास. रविवारी मेगाब्लॉक असेल तर त्या दिवशीचं मोजमाप टाकून द्या. गणपती, नवरात्र, दिवाळीच्या आधीचा पंधरवडा, यातलं काहीच धरायचं नाही. पाऊस असेल तर मात्र मुद्दाम मोजा, कारण वर्षातले चार महिने तोच असणार आहे.

तर 1,180. त्यांतले किती थांबतात? कुठल्याही जागेचं खरं रूप इथे कळतं. तुमच्या गाळ्याच्या रांगेत पाच शटर आहेत: मोबाइल कव्हरवाला, एटीएम, सोनार, एक बंद शटर आणि तुमचा रिकामा गाळा. तासाभरात तिथे थांबली ती 31 माणसं, त्यांतली 19 एटीएममध्ये गेली. बाकीचे खांद्याला बॅग, कानात तार, नजर पुढच्या माणसाच्या पाठीवर अशा अवस्थेत निघून गेले. त्या पट्ट्यात चालण्याचा वेग वाढतो, कारण पुढे जाऊन रिक्षा पकडायची असते. बंद शटर आणि एटीएम यांचा दुसरा तोटा म्हणजे बघण्यासारखं काही नसल्यामुळे माणूस तिथे आणखी भरभर चालतो, आणि त्याला लागूनच तुमचा गाळा आहे.

आपल्यासारखा माल विकणारा जवळचा कोणी सापडला तर त्याची बिलं मोजा, त्यासारखा पुरावा नाही. तुमच्याच बाजूला तीसेक पावलं पुढे एक जुनं फरसाणचं दुकान आहे, संध्याकाळी उसळ, कोशिंबीर, थालीपीठंही ठेवतात. सात ते आठमध्ये त्यांच्याकडून हातात पिशवी घेऊन बाहेर पडले ते 22 जण. आत गेलेले मोजू नका, पिशवी घेऊन बाहेर आलेले मोजा. म्हणजे वर्षानुवर्षं जम बसलेलं दुकान त्या फूटपाथवरच्या शंभरांतल्या दोघांना जेमतेम थांबवतं.

आता तुमच्या 84 बिलांकडे या. दुपारी थोडा धंदा होईल, पण पोळी-भाजीचा पाऊण धंदा संध्याकाळी सहा ते नऊमध्ये असतो. 84 ची पाऊण म्हणजे 63, तीन तासांत, म्हणजे तासाला 21. सरळ भाषेत सांगायचं तर त्या जुन्या फरसाणवाल्याइतकी गिऱ्हाइकं तुम्हाला पहिल्या महिन्यापासून लागतील, तीही फक्त तुमचे तीस हजार सुटण्यासाठी. शिवाय मी सात ते आठ हा भर वेळ मोजला. सहा ते सात त्याहून पातळ असणार.

दुसऱ्या गाळ्यापाशी बुधवारी तासाभरात माणसं गेली 310. इथे मी दोन्ही बाजू एकत्र धरल्या, कारण गल्ली पंधरा-सोळा फुटांची आहे आणि बायका भाजीची पिशवी घेऊन सहज आडव्या जातात. रस्ता ओलांडताना माणूस थांबून डावी-उजवीकडे बघत नसेल, तर दोन्ही बाजू आपल्याच.

आता शेजार. तुमच्या एका हाताला डेअरी, पलीकडे मेडिकल, समोर भाजीवाली बसते आणि कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे. डेअरीत त्या तासात 58 जण आले, भाजीवालीकडे 41, मेडिकलमध्ये 19, गिरणीत 9. यांची बेरीज करू नका, दूध घेणारीच भाजी घेते, एकच माणूस तीनदा मोजला जाईल. पण 310 मधला पाचातला एक तरी माणूस हातात पाकीट घेऊन, घराच्या जेवणाचा विचार करत उभा होता. मी भाजीवालीशेजारी बराच वेळ होतो. एक बाई गवार निवडता निवडता फोनवर म्हणत होती, "आता ही मोडत कधी बसू, त्यापेक्षा अंडी घेऊन येते." असं गिऱ्हाईक तुमच्या पहिल्या गाळ्यासमोर तासभर उभं राहून मला एकही दिसलं नाही.

शेजार बघताना मी एकच प्रश्न विचारतो: शेजाऱ्याचं गिऱ्हाईक आपल्या वेळेला येतं का, आणि आलं की आपल्या मालाच्या जवळपासचं काही विकत घेतं का? बँक शेजारी असली की लोक खूश होतात, पण बँक संध्याकाळी बंद आणि तिच्यासमोर अंधार. क्लासेस असतील तर मुलांची झुंबड असते, पण मुलं वडापाव घेतात, पोळ्या नाही. वाइन शॉप शेजारी असलं तर संध्याकाळी गर्दी भरपूर, पण बायका त्या बाजूचा फूटपाथच टाळतात. हार्डवेअरवाल्याचा टेम्पो तुमच्या दारात माल उतरवत उभा राहील. डेअरी आणि भाजी हा तुमच्यासाठी सोन्यासारखा शेजार आहे. भाजीवाली आपली स्पर्धक, असं तुम्हाला वाटू शकेल. ती स्पर्धक नाही, तिच्याकडे उभ्या असलेल्या बाईला स्वयंपाकाचा कंटाळा आलेला असतो, एवढंच लक्षात घ्या.

इथलं गणित असं. रोज 67 बिलं हवीत. तुमचे साठ डबे बहुतेक त्याच भागातल्या घरांत जातात असं तुम्ही लिहिलंय. त्यांतले निम्मे जरी घरी पोचवण्याऐवजी दुकानातून न्यायला तयार झाले, आणि त्यातलेही काही रोज न येता मधेमधे आले, तरी पंचवीस बिलं हातातली. उरली 42. त्यांची पाऊण संध्याकाळी म्हणजे साधारण 32, तासाला अकरा. 310 मधले अकरा, म्हणजे शंभरातले साडेतीन. हा आकडा स्टेशनजवळच्या दोनपेक्षा मोठा दिसतो, आणि म्हणूनच टक्केवारी एकमेकांशेजारी ठेवून फसू नका. डेअरीत येणाऱ्या 58 शी ताडून बघा: दर पाच जणांतला एक. अवघड आहे, पण अशक्य नाही, सहा महिन्यांत होण्यासारखं आहे. पहिल्या महिन्यापासून होईल असं मी म्हणणार नाही. तेवढे दिवस तग धरण्यापुरते पैसे बाजूला असू द्या.

तुम्ही म्हणाल, डबे तर पहिल्या गाळ्यातूनही देता येतील. येतील, पण ती घरं तिथून दहा मिनिटं लांब, म्हणजे पोचवायला मुलगा लागेल, आणि त्याचा पगार मी वरच्या हिशेबात धरलेला नाही.

आता दिसण्याबद्दल, कारण या बाबतीत दोन्ही गाळे लंगडे आहेत. मी जागा बघायला जातो तेव्हा गाळ्यापासून सुरुवात करत नाही. साठ-सत्तर पावलं मागे जातो, गिऱ्हाइकाच्या वेगाने चालत येतो आणि शटर पहिल्यांदा कधी दिसलं तिथपासून पावलं मोजतो. दोन्ही दिशांनी, एकदा उजेडात आणि एकदा दिवे लागल्यावर. पहिला गाळा स्टेशनकडून येताना सात पावलांवर दिसतो. इमारतीचा खांब पुढे आहे, शटर दोन फूट आत, आणि समोर महावितरणचा डीपी. त्या गर्दीत सात पावलं म्हणजे चार सेकंद. तेवढ्यात माणसाने वाचायचं, ठरवायचं आणि मागच्याचा धक्का न खाता बाजूला व्हायचं. होत नाही. त्यात फेरीवाल्याची छत्री उघडली की तेही संपलं.

फेरीवाल्यांचंही लक्षात घ्या. स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत बसायला 2017 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने मनाई आहे. प्रत्यक्षात कधी असतात, कधी पालिकेची गाडी आली की नसतात. असले की तुमचा गाळा झाकतात, पण माणसांचा वेगही कमी करतात. नसले की गाळा दिसतो, पण लोंढा धावत जातो. म्हणून तिथली एक मोजणी कारवाईच्या दिवशीची हवी. मंगळवारी ते होते.

दुसऱ्या गाळ्याचं उलटं आहे. डेअरीच्या रांगेत उभा असलेला माणूस मान वळवली की थेट तुमच्या काउंटरकडे बघतो, त्याला पाटीचीही गरज नाही. गिरणीच्या बाजूने येतानाही पस्तीस पावलांवरून शटर दिसतं. पण वरच्या अंगाने, सोसायट्यांकडून येताना मेडिकलने पुढे काढलेली शेड मधे येते आणि गाळा सहा पावलांवर आल्यावरच दिसतो. जूनमध्ये सगळेच निळं ताडपत्रीचं पावसाळी छप्पर ओढतील, तेव्हा तर काहीच दिसणार नाही. परत आल्यावर बायकोला न सांगता त्या बाजूने चालवत नेलं आणि टोकाला गेल्यावर विचारलं, कुठली कुठली दुकानं दिसली. तिने मेडिकल, डेअरी, गिरणी सांगितली, तुमचा रिकामा गाळा सांगितलाच नाही. बंद होता हे खरं, पण तिला तिथे शटर आहे हेही आठवेना. ही परीक्षा तुम्हीही करा, मात्र त्या गल्लीत नेहमी न जाणाऱ्या माणसाला घेऊन.

यावर इलाज आहे, आणि तो करारात लिहून घ्यावा लागतो. भिंतीला सपाट लावलेली पाटी समोर उभ्या असलेल्यालाच दिसते. तुम्हाला हवी रस्त्याला काटकोनात बाहेर आलेली छोटी पाटी, दोन्ही बाजूंनी वाचता येणारी, शेडच्या खालच्या कडेपेक्षा खाली आणि डोक्याला लागणार नाही इतकी वर. तिला सोसायटीची आणि पालिकेची परवानगी लागते, मालक "बघू नंतर" म्हणतात आणि नंतर सोसायटी नाही म्हणते. म्हणून टोकन देण्याआधी विचारा. अक्षरांचा पाटीवाल्यांचा जुना अंदाज असा, की अक्षराच्या एका इंच उंचीमागे दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. पस्तीस पावलं म्हणजे ऐंशी-नव्वद फूट, तेव्हा आठ-नऊ इंचांची अक्षरं हवीत. त्या अक्षरांत "गरम पोळी-भाजी" लिहा. दुकानाचं नाव खाली लहान चालेल. बहुतेक जण उलटं करतात, कुलदैवताचं नाव फूटभर आणि काय विकतो ते कोपऱ्यात.

तुमच्या धंद्यात दिसण्याइतकाच वासाचा आणि वाफेचा भाग आहे. तवा पुढे ठेवता आला तर सहा पावलांवरचा माणूसही थांबतो. पण वर घरं आहेत, तेव्हा धुराचा पाइप कुठून काढायचा आणि सोसायटी गॅसला ना हरकत देते का, हे भाड्याच्या आधीचं काम आहे. आणि दुसऱ्या गाळ्याला रस्त्यापासून तीन पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या आजी तुमच्या पक्क्या गिऱ्हाईक होऊ शकतात, पण त्या पायऱ्या चढणार नाहीत. काउंटर शटरच्या रेषेत आणून रस्त्यावरूनच माल देता आला पाहिजे, तेवढं मोजून घ्या.

जागेचा इतिहास मालकाला विचारू नका, चहावाल्याला आणि इस्त्रीवाल्याला विचारा. पहिल्या गाळ्यात चार वर्षांत तीन भाडेकरू झाले, असं टपरीवाल्याने सांगितलं: मोबाइलचं सामान, ज्यूस, मग रेडीमेड कपडे. ते खरं असावं, कारण शटरच्या वर भिंतीत तीन वेगवेगळ्या मापांच्या पाट्यांच्या बोल्टची भोकं आहेत. तीन वेगवेगळे धंदे बसत नसतील तर दोष धंद्यांचा नसतो. दुसऱ्या गाळ्यात अकरा वर्षं एक शिंपी होता, वय झालं म्हणून गावी गेला. हे मला इस्त्रीवाल्याने सांगितलं आणि डेअरीवाल्यानेही, एकमेकांना न विचारता. दोन तोंडांनी एकच गोष्ट आली की मी ती धरतो.

भाड्याचं बोलताना मोजणी मालकासमोर ठेवू नका, त्याला त्याचा राग येतो. अडचणी ठेवा: तीन पायऱ्या, शेडमुळे झाकलेली बाजू, धुराच्या पाइपचा खर्च. मी 23 हजारांपासून बोलणं सुरू करीन आणि 24 वर थांबेन. दोन हजार कमी म्हणजे रोज साधारण सव्वा बिल कमी, ऐकायला थोडं आहे, पण पहिल्या पावसाळ्यात तेच हवं असतं. करार लिव्ह अँड लायसन्सचाच होईल, लेखी आणि नोंदणी केलेला, कायद्याने तसाच लागतो. तुमच्याकडून मात्र त्यात दोन गोष्टी हव्यात. तुम्हाला सहा महिन्यांनंतर नोटीस देऊन निघता यावं, आणि मालकाला तीन वर्षं तुम्हाला काढता येऊ नये. आजूबाजूला जुन्या इमारती पाडून नव्या बांधायचं चाललंय, तेव्हा त्या सोसायटीत पुनर्विकासाचा ठराव झालाय का, इमारतीला पालिकेची धोकादायक म्हणून नोटीस आहे का, हे सेक्रेटरीला विचारून घ्या. तसं काही असेल तर वरचा सगळा हिशेब सोडून द्या.

माझ्याकडून शुक्रवार, शनिवार, रविवार आणि महिनाअखेर राहिलेत. ते तुम्ही मोजा, दोन्ही जागी एकाच वेळी, तुम्ही एकीकडे आणि घरातलं कोणी दुसरीकडे. वहीत रकाने चारच ठेवा: आपल्या बाजूने घरी जाणारे, आपल्या बाजूने उलट जाणारे, शेजारच्या दुकानांत थांबलेले, पिशवी घेऊन बाहेर पडलेले. दुसऱ्या गाळ्यापाशी डेअरीतले तासाला चाळीसच्या खाली गेले, असं दोन वेगवेगळ्या दिवशी दिसलं, तर मला कळवा, मग मी त्या गाळ्यालाही नाही म्हणेन.

आणि एक काम आजच करा. डेअरीवाल्याकडून अर्धा लिटर दूध घ्या आणि गप्पांत विचारा की त्याची जागा स्वतःची आहे की भाड्याची, आणि भाड्याची असेल तर करार कधी संपतोय. मी बुधवारी विचारणार होतो, पण त्या वेळी त्याच्याकडे इतकी गर्दी होती की तो मान वर करायला तयार नव्हता.